मारायचा नाही, तर पाऊल पुढे कशाला?

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. महिन्यापूर्वी तिनं क्रिकेट शिकायला सुरुवात केली. आमच्या भिंगारमध्ये मुलं गल्लीत टेनिस बॉलवर खेळतात. तिथं कुणी बॉल नुसता अडवला की बाकीचे ‘ए टुकटुक, मार की!’ म्हणून ओरडतात. हिचे सर मात्र पंधरा दिवस एकच घोकून घेत आहेत : पाऊल पुढे, डोकं बॉलवर, बॅट सरळ, हात मऊ. मी स्वतः कधी बॅट धरलेली नाही, पण संध्याकाळी अंगणात तिला बॉल टाकायचं काम माझ्याकडे आलं आहे. म्हणून विचारते. बॉल मारायचाच नाही तर पाऊल पुढे टाकून त्याच्या जवळ कशाला जायचं? बॅट आडवी धरली तर तिन्ही स्टंप झाकले जातात, मग उभीच का धरायची? आणि हात मऊ ठेवले तर जोराच्या बॉलवर बॅट हातातून निसटणार नाही का? — एक आई, भिंगार

उत्तर : ताई, बॅट न धरताही तुम्ही नेमके तीन प्रश्न विचारलेत. पुष्कळ वर्षं खेळलेल्यांनाही ते पडत नाहीत, कारण ‘असंच असतं’ म्हणून ते पुढे गेलेले असतात. मीही त्यातलाच. सरळ बॅट का, हे मला वयाच्या पंचविशीत कळलं, तेही दुसऱ्याला शिकवायची वेळ आली तेव्हा.

आधी एक शब्द सांगतो. रेडिओवर मराठी समालोचन लागायचं त्या काळात या फटक्याला ‘पुढे येऊन चेंडू तटवला’ म्हणत. ‘टुकटुक’पेक्षा मला तो कितीतरी आवडतो. तुमच्या घराजवळच भुईकोट किल्ला आहे, त्यामुळे तट म्हणजे काय हे तुमच्या मुलीला वेगळं सांगायला नको. तट शत्रूला मारत नाही, त्याला पुढे सरकू देत नाही. मात्र किल्ल्याचा तट जागचा हलत नाही, आणि हा तट चेंडूला गाठायला पाऊलभर पुढे जातो. तुमचा पहिला प्रश्न तोच आहे.

चेंडू टप्पा पडेपर्यंत बऱ्यापैकी शहाण्यासारखा येतो. खोडी काढतो ती टप्प्यानंतर. फिरकी असेल तर वळतो, शिवणीवर पडला तर इकडेतिकडे सरकतो, खडा लागला तर उडतो. पण खोडी काढायलाही त्याला अंतर लागतं. एक ढोबळ हिशेब करू. समजा, टप्पा पडल्यावर चेंडू आपल्या रेषेपासून पाच अंशांनी वळला. हे वळण फार मोठं नाही. मुलगी जागेवरच उभी राहिली आणि टप्प्यापासून एक मीटरवर तिनं चेंडू खेळला, तर तोवर तो जवळजवळ पावणेनऊ सेंटीमीटर बाजूला गेलेला असेल. तिनं पाऊल पुढे टाकून टप्प्यापासून तीस सेंटीमीटरवर त्याला गाठलं, तर तो फक्त अडीच सेंटीमीटरच्या आसपास सरकलेला असेल. आता बॅटची रुंदी पाहा. मोठ्यांच्या बॅटची रुंदी नियमानं जास्तीत जास्त १०.८ सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४. अडीच सेंटीमीटर सरकलेला चेंडू बॅटच्या तोंडावरच बसतो. पावणेनऊ सरकलेला चेंडू बॅटची कड घेतो किंवा निसटतो. चेंडू तोच, वळणही तेच. फरक फक्त पावलाचा.

म्हणून पाऊल पुढे टाकायचं ते चेंडूवर चालून जायला नव्हे. चेंडूला खोडी काढायला जागा उरू नये, एवढंच त्यामागे आहे. यातून मर्यादाही कळते. आखूड टप्प्याच्या चेंडूवर कितीही लांब पाऊल टाकलं तरी टप्पा गाठता येत नाही, आणि चेंडू छातीवर येतो. तिथं मागे जाऊन खेळायचं. ते सर पुढे शिकवतीलच. तुम्ही अंगणात तो टाकू नका, एवढं पुरे.

आता डोकं. ‘डोकं बॉलवर’ हे सर सारखं का म्हणत असतील? मुलांना पाऊल पुढे टाक म्हटलं की ती खरोखर फक्त पाऊल टाकतात. पाय पुढे जातो आणि धड मागेच राहतं, दारातून वाकून रस्त्यावर कोण आलं ते पाहावं तसं. मग डोळे एकीकडे, चेंडू दुसरीकडे, आणि हात मधल्या अंतरात चेंडूला शोधत पुढे जातात. खरा क्रम उलटा आहे. आधी डोकं आणि पुढचा खांदा चेंडूच्या रेषेकडे झुकतात, आणि तोल सावरायला पाऊल त्यांच्यामागून आपोआप येतं. तुम्ही स्वतः उभ्या राहून डोकं पुढे झुकवत न्या. एका क्षणी पाय उचलावाच लागेल. ते पाऊल हवं. ती उजव्या हातानं खेळते असं धरतो. म्हणजे डावा पाय पुढे जाईल, डावा गुडघा वाकेल, आणि डोकं त्या गुडघ्याच्या वर, थोडं पुढेच येईल. मागचा पाय चवड्यावर राहील, टाच उचललेली असेल, पण चवडा क्रीजच्या आत जमिनीला टेकलेला हवा. तो उचलला गेला तर यष्टिरक्षक वाटच पाहत असतो.

डोक्याच्या दोन चुका नेहमी दिसतात. पहिली वर सांगितली, डोकं मागे राहण्याची. ही झाली की चेंडू हवेत उडतो, कारण बॅटचा दांडा मागे कलतो आणि तोंड आभाळाकडे होतं. दुसरी चूक अधिक चिवट आहे : डोकं ऑफच्या बाजूला कलंडणं. मूल पाऊल सरळ न टाकता आडवं टाकतं, मागून डोकं त्या बाजूला पडतं आणि दोन्ही डोळे एका पातळीत राहत नाहीत, एक वर तर एक खाली. मग स्टंपवरचा चेंडू लेगला जातोय असं तिला वाटतं, ती बॅट पायाभोवती वळवून आणते आणि पायचीत होते. तुम्हाला हे बोलर टाकतो त्या बाजूनं सहज दिसेल. मोबाइल समोर ठेवून चित्रण करा आणि चेंडू बॅटला लागतो त्या क्षणी थांबवा. दोन्ही डोळ्यांना जोडणारी रेषा जमिनीला समांतर आहे का, एवढंच पाहा. बाकी काही पाहू नका. एका दिवशी चार दोष दाखवले की मूल पाचवा करतं.

आडव्या बॅटचा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण हिशेबात तुम्ही बरोबर आहात. तिन्ही स्टंपची मिळून रुंदी असते २२.८६ सेंटीमीटर. बॅटचं पातं त्याच्या दुपटीहून लांब. आडवं धरलं तर तिन्ही स्टंप झाकून वर बरीच जागा उरते. उभं धरलं तर जेमतेम अर्धी रुंदी झाकली जाते. मग शहाण्या माणसानं आडवं का धरू नये?

कारण चेंडूबद्दल दोन गोष्टी कळायला हव्यात, आणि त्या एकाच वेळी कळत नाहीत. चेंडू कुठल्या रेषेत येतोय, हे बोलरच्या हातातून सुटला की लवकर कळायला लागतं. ऑफवर आहे, मधल्यावर आहे की लेगवर, याचा बराचसा अंदाज टप्पा पडायच्या आतच येतो. पण उसळी किती घेईल, घोट्यापाशी राहील की कमरेपर्यंत येईल, हे टप्पा पडल्याशिवाय कळत नाही, आणि तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. म्हणजे रेषेतली चूक लहान आणि उंचीतली मोठी. मग बॅटची लांब बाजू कुठे खर्चायची? जिथं चूक मोठी व्हायची शक्यता आहे तिथं, उंचीत. उभ्या पात्याला चेंडू घोट्याशी आला तरी चालतो, मांडीशी आला तरी चालतो. आडव्या बॅटची पकड उंचीत फक्त तिच्या रुंदीएवढी, म्हणजे वीतभरही नाही. तुमच्याकडच्या कडक मुरमाच्या मैदानावर एक चेंडू गुडघ्याएवढा उडतो आणि पुढचा सरपटत जातो. तिथं आडवी बॅट म्हणजे सोडतच.

तुम्ही विचाराल, मग गल्लीत आडवी बॅट चालते कशी? टेनिस चेंडू हलका, त्याची उसळी बरीच सारखी, आणि स्टंप म्हणून भिंतीवर खडूनं ओढलेल्या तीन रेघा. बाद झालो की नाही, यावर वाद घालता येतो. गल्लीला मी नावं ठेवत नाही. चेंडूवर नजर ठेवायला माणूस तिथंच शिकतो. पण तिथं लागलेली एक सवय लेदर चेंडूवर महागात पडते. टेनिस चेंडू नुसता अडवला तरी तो टणकन उडून लांब जातो, म्हणून प्रत्येक चेंडूला ढकलायची खोड लागते. तिच्याकडे येतोच.

सरळ बॅट म्हणजे मात्र नुसती उभी बॅट नव्हे. समोरून पाहिलं तर पातं उभं हवं, पण बाजूनं पाहिलं तर ते कललेलं हवं : दांडा पुढे, पात्याचं टोक मागे. म्हणजे बॅटचं तोंड जमिनीकडे झुकतं आणि चेंडू आदळून खालीच जातो. त्यासाठी डावं कोपर वर राहायला हवं. ही खूण घरच्या घरी तपासता येते. तटवल्यावर तिला आहे तशीच थांबायला सांगा, पुतळ्यासारखी. मग पाहा : बॅट आणि डावा पाय यांच्यामध्ये चेंडू जाईल एवढी फट आहे का? असेल तर स्टंप उडणार. याला क्रिकेटमध्ये गेट उघडं राहणं म्हणतात. बॅट पायाजवळ हवी, पण पायाच्या मागे नको. पायाच्या किंचित पुढे, डोळ्यांच्या बरोबर खाली.

यातलं ‘पुढे’ महत्त्वाचं आहे. बरीच मुलं पाऊल धाडकन पुढे रोवतात आणि बॅट त्याच्यामागून आणतात. मग चेंडू आधी पॅडला लागतो. यावर राहुल द्रविडनं सांगितलेला उपाय प्रसिद्ध आहे. फिरकी खेळताना अडखळणाऱ्या इंग्लंडच्या केविन पीटरसनला त्यानं ईमेल लिहून सुचवलं होतं : नेटमध्ये फिरकी खेळताना पॅडच काढून ठेव, फार तर गुडघ्यापुरतं संरक्षण घे. पायावर चेंडू बसेल या भीतीनं बॅट आपोआप पायाच्या पुढे येते आणि नजरही चेंडूवरून हटत नाही. पीटरसननं तो ईमेल पुढे आपल्या आत्मचरित्रात छापला. हा उपाय मोठ्यांसाठी आणि लेदर चेंडूसाठी आहे. अंगणात टेनिस चेंडूवर तुमची मुलगी बिनपॅडचीच खेळत असेल, म्हणजे ती द्रविडचा सराव नकळत करतेच आहे. त्यासाठी वेगळं काही करू नका. कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळलेल्या माणसाचा सल्ला तिला फुकट मिळालाय.

आता मऊ हात. याबद्दल सगळीकडे एक दाखला देतात. तो मीही वर्षानुवर्षं दिला आणि तो अर्धाच बरोबर आहे. दाखला असा : बांधकामावर खालून वर विटा फेकतात तेव्हा वरचा गडी वीट झेलताना हात विटेबरोबर थोडे मागे नेतो. ताठ हात ठेवले तर वीट उडून जाईल. तसंच चेंडू बॅटवर आला की हात सैल सोडायचे, चेंडूचा जोर हात पिऊन टाकतात.

दिसायला हे बरोबर दिसतं. पण वीट हातात बराच वेळ असते. चेंडू बॅटला चिकटून राहतो तो काळ सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात कुणाचा हात सैल होणार? चेंडू लागला हे हाताला कळेपर्यंत तो निघून गेलेला असतो. म्हणजे जे काही व्हायचं ते चेंडू लागायच्या आधी व्हायला हवं. मऊ हातांचा खरा अर्थ असा : चेंडू लागतो त्या क्षणी बॅट पुढे सरकत नसावी. उभी असावी, किंवा जमलं तर केसभर मागे येत असावी.

पुन्हा ढोबळ हिशेब. चेंडू ताशी ५० किलोमीटर वेगानं बॅटपाशी आला आणि बॅट स्थिर आहे. बॅटच्या बऱ्यापैकी मध्यावर लागलेला चेंडू आपल्या वेगाचा साधारण पाचवा हिस्सा घेऊन परततो असं धरू. म्हणजे ताशी १० किलोमीटर. असा चेंडू पुढ्यातच पडतो आणि घरंगळत थांबतो. आता तिनं घाबरून बॅट पुढे ढकलली, तीही फार नाही, ताशी १० किलोमीटर वेगानं, म्हणजे माणूस हळू धावतो तेवढ्या. चेंडू परत जाईल ताशी २२ किलोमीटरनं. दुपटीहून जास्त, कारण ढकलल्यावर चेंडूला आदळायचा वेगही वाढून मिळतो आणि वर बॅटचा स्वतःचाही. उलट बॅट ताशी पाच किलोमीटरनं मागे येत असेल, तर चेंडू जेमतेम चारच्या वेगानं पडेल. जवळ वाकून उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकापर्यंत पहिला चेंडू पोचणार नाही, दुसरा थेट हातात जाईल, आणि तिसरा बॅटीच्या टोकाशी मान टाकेल. मला वाटतं, मऊ हातांचं सगळं गुपित या तीन आकड्यांत आहे.

मग पकड सैल कशाला ठेवायची, असं तुम्ही विचाराल. कारण घट्ट पकडलेला खालचा हात ढकलल्याशिवाय राहत नाही. उजवा हात बळकट असतो, त्याला काहीतरी करायचं असतं. म्हणून तटवताना बॅट डाव्या हाताची, वरच्या हाताची. त्याची पकड नीट हवी, पिळून धरलेली नको. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तेवढी दांड्याला टेकलेली, बाकीची बोटं नावाला. बॅट निसटण्याची भीती तुम्हाला वाटते, पण वरच्या हातानं नीट धरलेली बॅट निसटत नाही. ती निसटते जोरात फिरवताना, आणि इथं फिरवायचंच नाही.

हे सगळं एका माणसानं एका डावात कसं दाखवलं, ते सांगतो. मार्च १९८७, बंगळुरू, भारत-पाकिस्तान कसोटी. खेळपट्टी अशी की पाकिस्तानचा पहिला डाव ११६ धावांत संपला, त्यात मणिंदर सिंगचे सात बळी. भारतानं उत्तरात १४५ केल्या. चौथ्या डावात जिंकायला २२१ हव्या होत्या. समोर तौसिफ अहमद ऑफस्पिन टाकत होता आणि इक्बाल कासिम डावखुरी फिरकी. म्हणजे एका टोकानं चेंडू आत येत होता, दुसऱ्या टोकानं बाहेर जात होता, मधूनच एखादा छातीएवढा उसळत होता, आणि बॅटभोवती क्षेत्ररक्षकांचं कोंडाळं. सुनील गावसकर तिथं २६४ चेंडू खेळला.

त्या डावातली बरीच दृश्यं तुम्ही मुलीला दाखवू शकता. चौकाराकडे पाहू नका म्हणावं. मधले चेंडू पाहा, ज्यावर काहीच घडत नाही. डोकं चेंडूवर गेलेलं. बॅट पॅडशेजारी, तोंड खाली. चेंडू लागतो आणि सिली पॉइंटच्या पुढ्यात मरून पडतो. तो माणूस हात पुढे करतो आणि नुसता उचलून बोलरकडे टाकतो. चेंडू जास्त वळतो आहे असं दिसलं तर गावसकर बॅट त्याच्यामागे नेत नाही. ती मूळ रेषेतच ठेवतो आणि चेंडूला तिच्याशेजारून जाऊ देतो. हे फार अवघड आहे, कारण चुकलेल्या चेंडूचा पाठलाग करायची हाताला उपजत ओढ असते. चेंडूनं चकवलं तर चकवू दे, कड देऊ नये, असा तो हिशेब.

शेवटी ९६ धावांवर कासिमचा एक चेंडू टप्पा पडून उसळला आणि स्लिपमध्ये रिझवान-उझ-झमानच्या हातात गेला. भारत १६ धावांनी हरला. गावसकरचा तो शेवटचा कसोटी डाव. हे मुद्दाम सांगतो, कारण हा फटका शिकवणारे बरेच जण तो अभेद्य असल्यासारखं बोलतात. तसा तो नाही. चेंडू अचानक उसळला की मऊ हातही काही करू शकत नाहीत.

वेगवान गोलंदाजीपुढे मऊ हातांची मर्यादा आणखी स्पष्ट होते. मघाचा हिशेब चेंडू बॅटच्या तोंडावर किंवा जाड कडेवर लागला तर लागू होतो. अगदी बारीक कड लागली तर चेंडूचा वेग फारसा कमी होतच नाही. बॅट कितीही सैल धरा, तो यष्टिरक्षकापर्यंत जातोच. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत संपला, तेव्हा त्यात पाच झेल एकट्या यष्टिरक्षक टिम पेनचे होते. त्यातला एक आपल्या नगर जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्याच्या अजिंक्य रहाणेचा, शून्यावर. बॅट वेडीवाकडी फिरवून बाद झालेले त्यात फार नव्हते. चेंडू टप्प्यानंतर थोडासा सरकत होता आणि बारीक कड घेत होता. त्याच रहाणेनं आठवड्याभरानं मेलबर्नला ११२ केल्या. बारीक कडेवर इलाज हातांत नाही, डोळ्यांत आहे : चेंडू स्टंपवर नसेल तर बॅट लावायचीच नाही. सोडून देणं हाही तटवण्याचाच भाग आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं ज्या डावखुऱ्या फलंदाजांना छळलं, त्यांना विचारलं तर सोडायचा कुठला आणि खेळायचा कुठला हेच कळेना, असंच ते सांगतील.

तर अंगणात काय करायचं? पहिले काही दिवस बॅट फक्त डाव्या हातात द्या, दांड्यावर जरा खाली धरून. तुम्ही सहा-सात पावलांवर गुडघ्यावर बसा आणि टेनिस चेंडू खालून, एक टप्पा पडेल असा टाका. तिच्यापुढे दीड मीटरवर जुनी चादर किंवा गोधडी आडवी पसरा. चेंडू गोधडीच्या अलीकडे किंवा गोधडीवर थांबला पाहिजे. पलीकडे गेला तर तिनं ढकललंय. टेनिस चेंडूवर हे मुद्दाम करून घ्यावं लागतं, कारण तो नैसर्गिकपणे उडतो. त्यावर चेंडू पुढ्यात पाडता आला तर लेदरवर सोपं जातं.

मग दोन्ही हात. आता चेंडू जातो कुठे ते पाहत राहा, तो सगळं सांगतो. सरळ तुमच्याकडे घरंगळत येत असेल तर उत्तम. सारखा तिच्या डाव्या हाताला, लेगच्या बाजूला जात असेल तर उजवा हात बॅट वळवतोय, किंवा डोकं कलंडतंय. उजवीकडे, ऑफच्या बाजूला मागे जात असेल तर बॅट शरीरापासून लांब गेलीय. उडत असेल तर डोकं मागे आहे. चेंडू खडूच्या भुकटीत बुडवून टाकला तर बॅटवर ठसेही उमटतात. वीस चेंडूंनंतर ठसे पात्याच्या मधल्या पट्ट्यात दिसायला हवेत. मोजून वीस-तीस चेंडू टाका, त्यापुढे नको. कंटाळलेलं मूल पाय टाकायचं सोडतं आणि तीच सवय लावून घेतं.

सगळं ठीक असूनही कोपर वर राहत नसेल, तर तिला बोलण्याआधी बॅट पाहा. भावाची किंवा शेजारच्या दादाची मोठी बॅट असली की तिचं वजन वरच्या हाताला पेलत नाही, आणि उजवा हात मदतीला येऊन सगळं बिघडवतो. बॅट पायाशेजारी उभी केली तर दांड्याचं टोक मांडीच्या वरच्या भागापर्यंत यावं, कमरेच्या वर नको. डाव्या एका हातानं ती आडवी धरून तिला पाच-सहा सेकंद उभं राहता यायला हवं. हात थरथरला तर बॅट मोठी आहे, मुलगी कमी पडत नाही.

आणि लेदरचा चेंडू घ्यायला जाल तेव्हा दुकानदार हमखास मोठ्या माणसांचा देईल. त्याचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम असतं. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा, आकारानंही थोडा लहान चेंडू मिळतो. तो मागून घ्या.